रेंजच्या तक्रारीत सामील व्हा

नोटीस मी तीनदा लिहिली. पहिल्या मसुद्यात "कंपन्यांचा निर्लज्जपणा" असे शब्द होते, ते चेअरमननी काढायला लावले. दुसऱ्या मसुद्यात ते नव्हते, पण मग तो वाचून कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. शेवटी लिफ्टशेजारच्या फळ्यावर जी लागली ती अशी:

"सर्व सभासद आणि भाडेकरूंना कळवण्यात येते की, इमारतीच्या आत मोबाईलची रेंज नीट येत नसल्याबद्दल आपण सर्वांनी मिळून तक्रार करायची आहे. सोसायटीने एकटीने पत्र पाठवून भागत नाही, कंपनी आपल्या ग्राहकाचंच ऐकते. तरी प्रत्येकाने आपापल्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी (फोन रस्त्यावर जाऊन करावा) आणि मिळालेला तक्रार क्रमांक सेक्रेटरींना द्यावा. सोबत नेमका त्रास सांगावा: फोन येत नाही, लागत नाही, की मध्येच तुटतो. 'रेंजचा वैताग आहे' एवढंच सांगू नये. सगळे क्रमांक जोडून आपण कंपन्यांकडे एकत्र अर्ज देऊ. भाडेकरूंनी आपला काय संबंध असं समजू नये. सामील व्हा. सेक्रेटरी."

सेक्रेटरी म्हणजे मी. निवडणुकीच्या दिवशी बाकीचे सगळे मूग गिळून बसले आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पद माझ्या गळ्यात पडलं. नोटीस कागदावर का लावली, तर आधी सगळ्यांना एसएमएस केला होता तो कुणाला मिळालाच नाही. रेंजची तक्रार रेंजवरून करायला निघालेली मी पहिलीच शहाणी असेन.

पण मी एवढी पेटले होते ती सोसायटीसाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी सून ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. महिन्यातले काही दिवस ती स्टँडबायवर असते. म्हणजे घरीच असायचं, पण हॉस्पिटलचा फोन आला की तो लगेच उचलायचा आणि निघायचं. तिकडे माणूस टेबलावर झोपवलेला असतो, त्यामुळे "आमच्याकडे रेंज नव्हती" हे कारण तिथे चालत नाही. एक फोन तिच्या हातून असाच हुकला. रेंज आमच्याकडे पहिल्यापासून यथातथाच, त्यात आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असलो तरी आतल्या खोल्यांच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड. तेव्हा इनचार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत. पुढे दुसरा फोन हुकला. त्या वेळी मात्र त्यांनी तिला बसवून सांगितलं की असं पुन्हा झालं तर थिएटरमधून बाहेर. तिने ती जागा मिळवण्यासाठी किती वर्षं हाडाची काडं केली ते मी पाहिलंय.

झालं, माझ्या लेकाने हॉस्पिटलजवळ भाड्याचं घर शोधलं. नातीसाठी त्याच्या खालीच शाळा, समोर बाग, आणि रेंज म्हणे अगदी मोरीतसुद्धा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जाऊन घरमालकाला हो सांगायचं ठरलं. लेक मला म्हणाला, "आई, आम्ही दर आठवड्याला येत जाऊ."

दर आठवड्याला पाहुणे येतात. सुनेचं आणि माझं रोज काही ना काही वाजतं. ती डबे उघडे ठेवते, मी दिवे चालू ठेवते. पण संध्याकाळी दारात तिच्या चपला दिसल्या नाहीत तर मला चैन पडत नाही. मला ती जायला नको होती. हे मी तिला म्हटलं नाही, कारण चूक तिची नव्हती आणि अडवणारी सासू मला व्हायचं नव्हतं. मी आपली नोटीस लिहिली.

लोक असे सामील झाले की विचारू नका. इतकी वर्षं पाण्यासाठी, पार्किंगसाठी कधी एक न झालेली सोसायटी रेंजसाठी एक झाली. आमच्या चेअरमनना सगळे कर्नल म्हणतात. ते आयुष्यभर विमा कंपनीत होते, पण मिशा आणि आवाज फौजी आहे. कर्नल रोज फाटकाबाहेर उभे राहून लोकांना तक्रार कशी करायची ते शिकवायचे. "नुसता त्रास म्हणायचं नाही! काड्या पूर्ण दिसतात, फोन मात्र लागत नाही, असं म्हणायचं!" पलीकडच्या इमारतीतले लोक गॅलरीतून ऐकत असायचे.

कर्नल म्हणत होते ते खरंच होतं आणि तीच विचित्र गोष्ट होती. आधी आमच्याकडे काड्या कमी दिसायच्या, फोन कसाबसा लागायचा. हल्ली मधूनच काही दिवस वरच्या मजल्यांवर काड्या पूर्ण दिसत, पण फोन ना जायचा, ना यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. सुनेचा दुसरा फोन हुकला तो अशाच एका दिवशी. एरवी स्टँडबायच्या दिवशी ती धोका नको म्हणून खाली फाटकापाशी खुर्ची टाकून बसायची, मांडीवर भाजी निवडायला घेऊन. त्या दिवशी आमचे हे तिला म्हणाले, "उन्हात कशाला बसतेस पोरी, वर ये. बघ की, काड्या पूर्ण आहेत." ती वर आली, आणि फोन आलाच नाही.

ह्यांचं सांगायचं तर आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक होते. आता निवृत्त आहेत, पण हात स्वस्थ बसत नाहीत. पाण्याचा पंप तेच बघतात, म्हणून गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. घरात काहीही बिघडलं की ह्यांना कोण आनंद! आणि या एकाच बाबतीत मात्र हे थंड. मी म्हटलं, "अहो, घरातल्या प्रत्येकाने तक्रार करायची आहे. तुमचा नंबर द्या."

"माझ्या फोनला कुठे काय झालंय?"

"कालच तर बहिणीचा फोन लागला नाही म्हणून आदळआपट करत होता."

"ती बोलते फार. न लागलेलाच बरा."

मी हात टेकले. म्हटलं, वय झालं, रस्त्यावर जाऊन फोन करायचा कंटाळा येत असेल.

तक्रारींचा गठ्ठा गेला तसा एका कंपनीचा माणूस आला. माणूस म्हणजे बाई. इंजिनीअर, आमच्या सुनेच्याच वयाची, पाठीवर बॅग आणि हातात मीटर. सगळी सोसायटी वरातीसारखी तिच्या मागे. ती प्रत्येक मजल्यावर थांबली, मीटर बघितलं, फोन लावून बघितला. आणि तो लागला! प्रत्येक मजल्यावर लागला. आतल्या खोल्यांत जरा खरखर, पण लागला.

"नेटवर्क थोडं कमी आहे, पण चालू आहे," ती म्हणाली.

मला इतका संताप आला की काय सांगू. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं हट्टी पोर असतं ना, तसं त्या रेंजने वागून दाखवलं. कर्नलच्या मिशा खाली आल्या. मी म्हटलं, "अहो बाई, एवढे लोक काय खोटं बोलतायत का?"

"मी तसं म्हटलंच नाही," ती शांतपणे म्हणाली. "उलट तुमच्या तक्रारी आल्या म्हणून आमचा एक गुंता सुटायला मदत झाली. या भागातल्या आमच्या टॉवरला मधूनच कुठून तरी प्रचंड गोंगाट ऐकू येतो. त्यात तुमच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतच नाही. टॉवरचं तुमच्या फोनला ऐकू येतं म्हणून काड्या दिसतात, पण फोनचं टॉवरला ऐकू येत नाही. आज तो गोंगाट नाहीये. त्रास चालू असेल तेव्हाच मला बोलवा, बंद पडल्यावर नको."

"गोंगाट कोण करतंय?" कर्नलनी विचारलं.

"ते चालू असतानाच सापडेल," ती म्हणाली आणि आपला नंबर मला देऊन गेली.

मग काय, सोसायटीत संशयाला ऊत आला. कुणी म्हणालं शिकवणीवाल्या बाई मुलांनी फोन बघू नये म्हणून काहीतरी यंत्र लावतात. कुणी म्हणालं दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू कुणाशी बोलत नाही, म्हणजे तोच. माझाही त्याच्यावर संशय होता, लपवत नाही. जिन्यात तो भेटला तर मी त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे. बिचारा मला आधी नमस्कार करायचा, तो करेनासा झाला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी घरमालकाकडे जायचं होतं आणि सून स्टँडबायवर होती. ती खुर्ची उचलून खाली निघाली तर हे आडवे आले. "आज बस वर. काड्या बघ आधी." तिने फोन बघितला, काड्या खरंच पूर्ण होत्या. ती घुटमळली.

मी म्हटलं, "मला लाव बघू एक फोन." तिने लावला, पण माझा फोन गप्पच. पुन्हा लावला, तरी काही नाही. आता हॉस्पिटलचा फोन येत असेल तर? "तू खाली जा," मी तिला म्हटलं आणि तिच्या मागोमाग मीही खाली धावले. जिन्यातच कर्नल भेटले, त्यांचाही फोन बंद. रस्त्याच्या पार पलीकडे गेल्यावर कुठे इंजिनीअरबाईंना फोन लागला.

ती लवकर आली. या वेळी तिच्या हातात मीटरला जोडलेला लांबट अँटेना होता, माशाच्या काट्यासारखा. तो ती हळूहळू फिरवायची आणि मीटरकडे बघायची. फाटकातून अँटेना इमारतीकडे वळला की आकडा चढायचा, रस्त्याकडे वळला की उतरायचा. सून फाटकापाशी फोन हातात घट्ट धरून उभी होती. मी तिला म्हटलं, "तू रस्त्यापलीकडे जाऊन थांब, मी हाक मारेपर्यंत तिथून हलू नकोस," आणि मी बाईंच्या मागे चढू लागले.

दुसरा मजला आला. मी भाडेकरूच्या दाराकडे बघितलं. बाईंनी अँटेना तिकडे फिरवला, आकडा खाली आला. ती पुढे चढली. शिकवणीचं दारही मागे पडलं. कर्नल मागून म्हणाले, "वर आता उरलं कोण?"

आमच्या मजल्यावर मीटर नुसतं किंचाळत होतं. बाई आमच्या दारासमोर थांबली, नेमप्लेट वाचली आणि माझ्याकडे बघितलं. नोटीस माझी, सही माझी, आणि दारही माझंच!

दार उघडंच होतं. आत पॅसेजमध्ये, सुनेच्या खोलीबाहेर, आमचे हे स्टुलावर चढले होते आणि माळ्यावरच्या खोक्यांआड हात घालून काहीतरी चाचपत होते. आम्हाला बघून ते तसेच स्तब्ध झाले.

"काका, काय आहे वर?" बाईंनी विचारलं.

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खोकी बाजूला केली. मागे एक करडी पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा, तिच्यातून निघालेली वायर डक्टमधून वर गच्चीत गेलेली. "बूस्टर आहे," हे म्हणाले. "रेंज वाढवायचा. पाण्याच्या टाकीपाशी अँटेना लावलाय."

"आधी तो बंद करा."

त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा गेला आणि बाईंच्या मीटरवरचा आकडा दाणकन खाली आला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कर्नलच्या खिशात टिंग वाजलं. मग माझ्या हातात. मग खालच्या मजल्यांवरून, जिन्यातून, बंद दारांमागून टिंग टिंग टिंग, अडकून पडलेले सगळे निरोप एकदम सुटले. खाली कुणीतरी ओरडलं, "आली! आली!"

मी ओरडले ते मात्र निराळं होतं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? गच्चीवर सेक्रेटरीच्या परवानगीशिवाय काही लावायचं नाही, असा नियम आहे सोसायटीचा!"

"म्हणून तर नाही विचारलं," हे स्टुलावरून उतरत म्हणाले. "सेक्रेटरी नाही म्हणाली असती."

कर्नलना खोकला आला. मला हसू आणि राग एकदमच आला.

"पहिला फोन हुकला तेव्हा आणला," हे बाईंना सांगू लागले, पण बघत माझ्याकडे होते. "दुकानदार म्हणाला, बिनधास्त लावा. तिची ड्यूटी फ्रिजवर लावलेली असते. ती स्टँडबायला असेल त्या दिवशी चालू करायचो, एरवी बंद. काड्या लगेच पूर्ण व्हायच्या हो! मला वाटलं झालं काम. म्हटलं, एकदा तिचा फोन नीट आला की मग सांगू. पोरांचं जायचं टळेल."

मग ते थांबले. त्यांना तिथेच कळलं असावं, कारण चेहरा पार उतरला. "म्हणजे दुसरा फोन..." ते म्हणाले. "तिला मीच वर बोलावलं होतं."

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, चारचौघांत त्यांना खाली बघायला न लावता. माईक स्पीकरसमोर धरला की कर्कश कुई होते ना, तसं झालं होतं. घरातला अँटेना माळ्यावर आणि बाहेरचा बरोबर त्याच्या वरती गच्चीत, मध्ये नुसता एक स्लॅब. बूस्टर स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा उचलून वाढवत होता आणि सगळ्या परिसराच्या टॉवरच्या कानात ओरडत होता. "तुमच्यासारखे खूप जण लावतात," ती म्हणाली. "विनापरवाना लावायचा नसतो, हे दुकानदार सांगत नाहीत. मी हा काढून नेते आणि तुम्ही स्वतःहून दिला असं लिहिते. पुन्हा लावलात तर मात्र प्रकरण वर जाईल."

"आता चुकूनसुद्धा नाही," हे म्हणाले आणि गच्चीतला अँटेना स्वतः काढायला निघाले.

मी गॅलरीतून सुनेला हाक मारली. ती धापा टाकत वर आली, फोन अजून मुठीत. मी सगळं सांगायला लागले आणि तेवढ्यात तो वाजला. टिंग. निरोप हुकलेल्या फोनचा असला तर? तिने बघितलं, पुन्हा बघितलं आणि भिंतीला टेकली. "सोफ्यांचा सेल आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलचा एकही फोन नव्हता." माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच, पॅसेजमध्ये, स्टुलावर बसले.

हे गच्चीवरून अँटेना घेऊन आले, आणि सुनेसमोर तो हातात धरून उभे राहिले. "तुझा दुसरा फोन माझ्यामुळे हुकला, पोरी," ते म्हणाले. "सिस्टरना मी येऊन सांगतो. हवं तर लिहून देतो."

सुनेने तो अँटेना त्यांच्या हातातून काढून घेतला. आता ही रडते की चिडते, मला कळेना. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दर वेळी या स्टुलावर चढत होतात? गुडघे एवढे दुखत असताना?"

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस," हे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

जायच्या आधी बाईंनी आणखी एक काम केलं. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये घरातल्या वायफायवरून फोन घ्यायची सोय होती, ती नुसती बंद पडून होती. तिने ती चालू करून दिली. जाड भिंतींमागे टॉवर कमी पडला तर वायफाय सांभाळून घेईल, म्हणाली. सगळ्यांसाठी कंपनी टॉवरचा रोख थोडा आमच्याकडे वळवता येतो का ते बघणार होती, कारण इतक्या जणांची एकत्र तक्रार त्यांच्याकडे सहसा येत नाही. सुनेला तिने एक पत्रही दिलं: अमुक इमारतीत अडथळा होता, तो काढला आहे. ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "यात माझं नाव घाला." बाई म्हणाली, गरज नाही. हे ऐकेनात, शेवटी तिने घातलं.

दुपारी मी नवीन नोटीस लिहिली. कर्नल म्हणाले, कारण लिहू नका, तांत्रिक अडचण दूर झाली एवढं पुरे. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं काय? त्याच्यावर मी डोळे वटारले होते ते फुकट का? मी सरळ लिहिलं की अडथळा सेक्रेटरींच्या घरात होता, सेक्रेटरी सर्वांची माफी मागत आहेत, आणि तक्रारीत सामील झाल्याबद्दल सर्वांचे आभार. फळ्यावर लावत होते तेव्हा तो भाडेकरू लिफ्टमधून आला. त्याने नोटीस पूर्ण वाचली. "काकू," तो म्हणाला, "काका एकदा आमचा गीझर बघतील का?" त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य ऐकलं.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरात होती, खाली खुर्चीवर नाही. फोन तिने ओट्यावर ठेवला होता. आम्ही सगळे त्या फोनभोवतीच घोटाळत होतो. लेक उगाच पाणी प्यायला दोनदा आला. आणि फोन वाजला. तिने पहिल्याच रिंगला उचलला, "हो सिस्टर, निघाले," म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली. नातीने दारातून टाटा केला. ह्यांनी मला चहा टाकायला सांगितला, म्हणजे नुसता कप पुढे केला.

मी चहा टाकला आणि धुणं काढायला मागच्या मोरीत गेले. आमच्या घरातली ती सगळ्यात आतली जागा. तिथे आजवर एकदाही फोन वाजला नव्हता. माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजला तेव्हा मी दचकून बादलीत पाय घातला.

"आई, पोचले," सून म्हणाली. मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, त्याचासुद्धा आवाज येत होता. "आत जातेय, म्हणून आधीच सांगते. तुमच्या लेकाला सांगाल का, उद्या त्या घराला हो सांगायला जायचं नाही म्हणून? घरमालकाला नको म्हणून कळवा. आम्ही कुठे जात नाही."

मी ओल्या पायाने, भिंतीला धरून उभी होते.

"ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. "परत सांग."

लख्ख ऐकू आलं होतं. मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.